बाकड्यावरची पाटी

खो-खोत जो सगळ्यात आधी बाद होतो, तो सगळ्यात जास्त वेळ मैदानाबाहेर बसतो. सामन्यात हे योग्यच आहे, कारण तिथे कोण सरस हे ठरवायचं असतं. पण शाळेतल्या खेळाच्या तासाला हाच नियम जसाच्या तसा आणला की तास उलटा चालायला लागतो. ज्या मुलाला पळायची सवय नाही तो पहिल्या अर्ध्या मिनिटात बाद होतो आणि उरलेला वेळ भिंतीला टेकून बसतो. जी मुलगी रोज संध्याकाळी क्लबात सराव करते तिलाच पुन्हा पळायला मिळतं. वर्षभरात असे कितीतरी तास होतात आणि दोघांमधलं अंतर वाढतच जातं.

मी पुण्यातल्या एका मराठी शाळेत शारीरिक शिक्षण शिकवते. आमच्या शहराचं आणि या खेळाचं नातं जुनं आहे. खो-खोचे नियम पहिल्यांदा नीट बांधले गेले ते 1914 साली, इथल्या डेक्कन जिमखान्यावर. 2022 मध्ये बालेवाडीला अल्टिमेट खो-खोची लीग झाली आणि 2025 च्या जानेवारीत दिल्लीला पहिला विश्वचषक. तो भारताच्या दोन्ही संघांनी जिंकला, आणि पुरुष संघाचा कर्णधार होता आपला पुण्याचा प्रतीक वाईकर. तेव्हापासून माझ्या सातवीच्या मुलांना खो-खोचं वेड लागलं आहे. त्यामुळे सांघिक खेळांचा घटक शिकवताना दुसरा कुठला खेळ घ्यावा असा प्रश्नच नव्हता. प्रश्न होता तो वर्गाचा.

वर्गात 42 मुलं. त्यातली तीन-चार जिल्हा पातळीवर खेळलेली. एकाला दमा आहे आणि थंडीत तो वाढतो. एक मुलगा वजनाने भारी, त्यातून गेल्या वर्षभरात झपाट्याने उंच झालेला, आणि त्याला गुडघ्याच्या वाटीखाली दुखतं. वाढीच्या वयात त्या जागी असं दुखणं बऱ्याच मुलांना होतं. उकिडवं बसलं किंवा उडी मारली की ते जास्त होतं. एका मुलीला कमी ऐकू येतं. आणि एक मुलगी वॉकर घेऊन चालते. जन्मापासून तिच्या पायांचे स्नायू ताठ आहेत, पोटऱ्यांना कॅलिपर असतात. नावं मी इथे मुद्दाम लिहीत नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 याच्या 16 व्या कलमात शिक्षणाबरोबर खेळाचा आणि करमणुकीचाही उल्लेख आहे: इतरांच्या बरोबरीने संधी. बरोबरीने हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्याकडे अशा मुलांना खेळात घेण्याची एक फार सोपी रीत आहे. गल्लीत खेळताना धाकट्या भावाला कच्चं लिंबू करतात तशी. तो पळतो, ओरडतो, पण त्याला कुणी बाद करत नाही आणि त्याने केलेलं बाद कुणी धरत नाही. पाच वर्षांच्या पोराला त्यात आनंद असतो. बारा वर्षांच्या मुलीला मात्र आपण मोजले जात नाही हे पहिल्या मिनिटाला कळतं. तिच्या हातात गुणांची वही देऊन सावलीत बसवणं हाही त्यातलाच प्रकार. वही जरूर द्यावी, पण ती सगळ्यांच्या हातात आळीपाळीने जावी.

तर आधी खेळाकडेच नीट पाहू. खो-खोत एका संघाचे आठ जण मधल्या पट्टीवर पाट्यांवर बसतात, एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून, आणि नववा पाठलाग करतो. पाठलाग करणाऱ्याला मधली पट्टी ओलांडता येत नाही, आणि एकदा दिशा धरली की खांबापर्यंत माघारी वळता येत नाही. पळणाऱ्यांना यातलं काहीच बंधन नाही. ते पाट्यांमधून हवे तसे आरपार जातात. म्हणजे एकट्याने पळून कुणाला गाठायचं म्हटलं तर नियमच आडवे येतात. पळणारा पट्टीपलीकडे गेला रे गेला की पलीकडे तोंड करून बसलेल्याला खो द्यायचा, त्याने दोन-चार पावलांत झडप घालायची, नाहीतर पुढे खो द्यायचा. चांगल्या संघात एकेकाचं पळणं काही सेकंदांचंच असतं. पाठलागाची बाजू ही अशी थोडं पळून थोडं थांबण्याची आहे. ज्याचा दम कमी आहे त्याच्यासाठी ती मुळातच बरी. दम्याच्या मुलांना सलग पाच-सहा मिनिटं जोरात पळण्याचा जितका त्रास होतो तितका अशा तुटक पळण्याचा सहसा होत नाही. खरी अडचण पळतीच्या बाजूला आहे. तिथे तिघांच्या तुकडीला बाद होईपर्यंत उसंत नसते, आणि बाद झालं की एकदम बसूनच राहायचं.

म्हणून पाठलागाचे नियम मी ठेवले आणि पळतीचे बदलले. एका मोठ्या मैदानाऐवजी तीन छोटी मैदानं आखली, प्रत्येकावर सात विरुद्ध सात. पाच पाट्या, दोन-दोन मीटर अंतरावर. पहिली ते पाचवी पाटी आठ मीटर होतात, दोन्ही टोकांना दोन-दोन मीटर सोडले की लांबी बारा, आणि रुंदी आठ. पाच जण पाट्यांवर, एक पाठलागाला आणि सातवा खो मोजायला. त्या मोजणीबद्दल पुढे सांगते. पळणाऱ्यांचे तिघे आत आणि चौघे बाजूच्या रेषेवर. स्पर्श झाला की गुण, पण गडी बाद नाही. तो रेषेवर येतो, पुढच्याच्या तळहातावर टाळी देतो, पुढचा आत जातो. आणि स्पर्श झाला नसला तरी कुणीही, कधीही, आपण होऊन टाळी देऊन बाहेर येऊ शकतो. पाळी दोन मिनिटांची.

त्या शेवटच्या सवलतीचा परिणाम सगळ्यात मोठा झाला. दम लागलेलं मूल पूर्वी मुद्दाम हात लावून घ्यायचं, कारण थांबण्याचा तेवढाच एक मार्ग होता. आता पंधरा-वीस सेकंद जीव तोडून पळायचं आणि टाळी द्यायची. जिल्ह्याला खेळलेली मुलंही तेच करायला लागली, कारण ताज्या पायाचा गडी आत असणं संघाच्या फायद्याचं आहे हे त्यांना चटकन समजलं. सगळेच बाहेर येतात म्हटल्यावर बाहेर येण्यात कमीपणा राहिला नाही.

खांब मी ठेवलेच नाहीत. खो-खोत डोक्याला, खांद्याला लागतं ते बरेचदा खांबाशी. टीव्हीवर खेळाडू खांबावर सूर मारतात ते मॅटवर, आणि वर्षानुवर्षांच्या सरावानंतर. आमच्या मैदानावर लाल मुरूम आहे. त्यावर सूर मारला तर कोपर आणि हनुवटी सोलवटून निघते. विश्वचषकानंतर प्रत्येकाला सूर मारायचा असतो, म्हणून पहिल्याच तासाला सांगितलं की सूर मारून केलेला स्पर्श धरला जाणार नाही. नुसतं मारू नका म्हटलं तर मुलं मारतात. गुण मिळत नाही म्हटलं की आपोआप थांबतात. खांबांच्या जागी प्लॅस्टिकचे शंकू ठेवले. तुडवले तरी वाकतात.

मुलं यायच्या आधी मी मैदानावर एक फेरी मारते, मान खाली घालून, सावकाश. मुरमातून वर आलेले खडे, बाटलीचं झाकण, काच, पाणी साचून झालेला खळगा. धूळ बसावी म्हणून पाणी मारायचं ते तासभर आधी. तास सुरू होताना मारलं तर वरचा थर चिकट होतो आणि वळताना पाय सटकतो. रेषा आखायला फक्की वापरायची, चुना नाही. स्वस्त पडतो म्हणून काही ठिकाणी चुनाच आणतात, पण पळापळीत तो उडून डोळ्यात गेला तर डोळा भाजतो. आणि कंपाउंडच्या भिंतीपासून तीन मीटर मोकळे हवेतच. त्या आत रेषा आली तर मैदान लहान करावं, भिंतीजवळ सरकवू नये. पूर्ण वेगात आलेलं मूल रेषेवर थांबत नाही, पुढे जाऊन थांबतं. तिन्ही मैदानांच्या मधेही तेवढीच जागा सोडते.

मग मुलांची तपासणी. आयकार्डाची फीत गळ्यातून काढायची, कारण मागून धरली गेली तर ती गळ्याला आवळते. घड्याळ, कडं, कानातले लोंबते डूल, सगळं एका डब्यात. बुटांच्या नाड्या. बूट घालायचे तर सगळ्यांनी, नाहीतर सगळ्यांनी अनवाणी. आमच्या मुरमावर बूटच. निम्मे असे, निम्मे तसे झाले की अनवाणी बोटांवर बूट पडतो. मग डोळे मिटून प्रत्येकाने छातीजवळ बोटं दाखवायची: तीन म्हणजे मी ठीक आहे, दोन म्हणजे आज बेताने, एक म्हणजे बाई, माझ्याशी बोला. डोळे मिटलेले असल्याने कुणी काय दाखवलं ते दुसऱ्याला दिसत नाही. मासिक पाळीमुळे पोटात दुखणारी मुलगी चारचौघांत ते सांगत नाही, पण एक बोट दाखवते. तिला नको असेल तर तिने खो मोजावेत, हवं असेल तर खेळावं, ठरवायचं तिने.

शेवटी थांबण्याची खूण. एक लांब शिट्टी आणि माझे दोन्ही हात वर. ज्याला दिसेल त्याने आहे तिथे थांबून स्वतःचे हात वर करायचे. हात वर करण्याचा भाग कमी ऐकू येणाऱ्या मुलीसाठी आणला. पण तीन मैदानांवरच्या आरडाओरड्यात शिट्टी कुणालाच धड ऐकू येत नाही, तिथे तो सगळ्यांच्याच कामी येतो. खेळ सुरू होण्याआधी दोनदा ही खूण करून बघते. सगळे तीन सेकंदांत थांबले नाहीत तर खेळ सुरू होत नाही. मी उभी राहते ती कुंपणाकडे पाठ करून, तिन्ही मैदानं समोर दिसतील अशी. मधे उभं राहिलं की एक मैदान कायम पाठीमागे जातं.

जून महिन्यात पालकांकडून एक कागद भरून घेतलेला असतो. त्यात काही आजार आहे का असं विचारलं तर बहुतेक घरांतून नाही असंच येतं, विशेषतः फिट येत असतील तर. म्हणून मी प्रश्न वेगळे विचारते: पळताना कधी चक्कर आली का, शुद्ध हरपली का, छातीत दुखलं का, घरात कुणाला कमी वयात हृदयाचा त्रास झाला का. पळताना शुद्ध हरपलेल्या मुलाला डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय मी पळू देत नाही. तोपर्यंत तो बाकी सगळ्यात असतो.

दम्याच्या मुलाबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण असं मूल जवळजवळ प्रत्येक वर्गात सापडतं. डिसेंबर-जानेवारीत सकाळच्या शाळेला पुण्यात चांगलाच गारठा असतो, आणि कोरडी थंड हवा तोंडाने आत गेली की श्वासनलिका आवळतात. त्याच्या डॉक्टरांनी खेळण्याआधी निळ्या पंपाचे दोन फवारे लिहून दिले आहेत. ते तो दहा-पंधरा मिनिटं आधी, वर्गातच, पंपाला स्पेसर म्हणजे प्लॅस्टिकची पोकळ नळी लावून घेतो. दुसरा पंप माझ्या कमरेच्या पिशवीत असतो. ऑफिसच्या कुलूपबंद कपाटातला पंप मैदानावर उपयोगाचा नाही. खेळताना मी त्याच्याशी मधूनमधून बोलते. पूर्ण वाक्य बोलता आलं तर ठीक, दोन-दोन शब्दांवर श्वास तुटला तर बाहेर. त्रास वाढलाच तर त्याला आडवं करायचं नाही, ताठ बसवायचं, किंचित पुढे झुकवून. एका वेळी एक फवारा, स्पेसरमधून चार श्वास, असे चार फवारे. चार मिनिटांत उतार पडला नाही तर 108 ला फोन, आणि गाडी येईपर्यंत फवारे पुन्हा तसेच चालू. हे सगळं त्याच्या डॉक्टरांना दाखवून घेतलेलं आहे.

यातली एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. पळल्यामुळे येणारा दमा पळताना जितका येतो त्याहून अधिक पळणं थांबल्यावर येतो, साधारण पाच-दहा मिनिटांनी. म्हणजे तो मैदानावर हसत असतो आणि खोकायला लागतो गणिताच्या तासाला. म्हणून पुढच्या तासाच्या बाईंना मी निरोप देते, पंप कुठल्या कप्प्यात आहे तेही सांगते. आणि तास एकदम तोडत नाही. शेवटची चार मिनिटं सगळे चालत असतात.

आता खेळ. पळण्याआधी आम्ही चालता खो खेळतो. नियम सगळे तेच, फक्त कुणीही पळायचं नाही, एक पाय कायम जमिनीला. खो देण्याची पद्धतही यातच पक्की करून घेते. पाठीवर, दोन खांद्यांच्या मधे, उघडा तळवा टेकवायचा आणि त्याच क्षणी मोठ्याने खो म्हणायचं. जोशात याचा धक्का होतो, आणि उकिडवं बसलेलं मूल तोंडावर पडतं. धक्का बसला तर तो खो रद्द.

चालत्या खोमध्ये वेग गेला की राहते ती फक्त नजर: पळणारा कुठे वळणार, कोणत्या पाटीवरचा त्याच्या जवळ आहे. पहिल्या तासाला या भागात सगळ्यात जास्त स्पर्श कुणी केले असतील? गुडघा दुखणाऱ्या त्या भारी मुलाने. तो पाटीवर बसून संपूर्ण मैदान वाचत होता. दोन वर्षं तो माझ्या तासाला आहे, आणि 600 मीटरच्या चाचणीत दर वेळी शेवटून पहिला येतो. ती चाचणी त्याचा दम मोजते, आणि ते मोजायलाही हवं. त्याची नजर मोजायला मात्र त्या तक्त्यात रकाना नाही.

मग पळता खेळ सुरू झाला आणि अपेक्षित तेच घडलं. चपळ मुलं आपापसातच खो द्यायला लागली. इथे सातव्या गड्याची मोजणी कामाला आली. त्याच्या कागदावर पाच रकाने असतात, पाच पाट्यांचे, आणि प्रत्येक खोला एक रेघ. दोन मिनिटांच्या एका पाळीत असं आलं: पहिल्या पाटीला सहा, दुसरीला पाच, तिसरीला एक, चौथीला सात, पाचवीला शून्य. तिसऱ्यावर दम्याचा मुलगा होता आणि पाचव्यावर वॉकरवाली मुलगी. मी काही बोलले नाही. कागद संघाच्या मधे ठेवला आणि विचारलं, "तुमचे गुण किती झाले?"

"तीन, बाई."

"आणि पलीकडच्या संघाचे?"

"सात."

पलीकडच्या संघाचा कागदही आणून शेजारी ठेवला. तिथे पाचही रकान्यांत तीन ते पाच रेघा होत्या. थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग यांच्यातली सगळ्यात वेगाने पळणारी मुलगी म्हणाली, "आम्ही तीनच पाट्यांवर खेळत होतो."

बरेचदा अशा वेळी नियम करतात की सगळ्यांना खो मिळाला तर दोन गुण जास्त. मला तो नियम आवडत नाही, कारण त्यातून फुकटचे खो निघतात: पळणारा कुठल्या कुठे असतो, त्या मुलाला खो मिळतो, तो उठतो, दोन पावलं टाकून खो परत देतो, रेघ मात्र भरते. खरा खो ओळखता येतो. तो मिळतो तेव्हा पळणारा त्या पाटीपासून हाताच्या टप्प्यात, फार तर दोन-तीन पावलांवर असतो. म्हणून मी गुण बदलले नाहीत, पाट्यांची जागा बदलायला लावली. टोकाला शंकूभोवती वळताना प्रत्येक पळणाऱ्याचा वेग कमी होतो. ज्याचे पाय सावकाश आहेत पण हात चपळ आहेत, त्याची जागा तिथे.

यातूनच वॉकरवाल्या मुलीचा प्रश्न आला. पहिल्यांदा मी तिला सुचवलं होतं की खांब तू हो. पाठलाग करणाऱ्याने तुझ्यापाशी यायचं, टाळी द्यायची आणि कुठल्या बाजूने वळायचं ते तू सांगायचंस. काम चांगलं होतं, तिला पूर्ण मैदान समोरून दिसलं असतं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "नको बाई. खांबाला कोण खो देतं?"

त्यानंतर आम्ही दोघींनी बसून पाचवी पाटी नव्याने आखली. पाटीच्या जागी वर्गातलं जड लाकडी बाकडं ठेवलं. प्लॅस्टिकचं स्टूल चालत नाही. एका बाजूला झुकून हात लांब केला की ते कलंडतं. बाकड्याच्या कडांना जुनी गोधडी बांधली. वॉकर तिच्या मागे, रेषेबाहेर, कुणाच्या पायात येणार नाही असा. बाकड्यासमोर दोन शंकूंचं फाटक, दीड मीटर रुंद, आणि त्या टोकाला वळायचं असेल तर पळणाऱ्याने फाटकातूनच जायचं. फाटक आणि बाकडं यात एक मीटर अंतर, म्हणजे अंगावर कुणी येऊन आदळत नाही. पाटीवर बसणाऱ्याच्या हातात फोमची मऊ नळी. पोहायला शिकताना मुलं धरतात ती, अर्धी कापलेली. नळीचा स्पर्श हा हाताचा स्पर्श, खांद्याच्या खाली लागला तरच. तिच्या फिजिओथेरपिस्टना विचारून घेतलं होतं: बसून पुढे वाकणं, हात लांबवणं चालेल, झटक्याने कमरेतून वळणं नको. म्हणून फाटक समोर, बाजूला नाही. पुढच्या पाटीवरच्याने खो घ्यायला तिच्याकडे एक पाऊल मागे यायचं, आणि तिने खो म्हणून नळी पाठीला टेकवायची.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, ती पाटी तिची नाही. प्रत्येक पाळीला संघाने ठरवायचं की बाकड्यावर कोण. जो बसेल त्याला बाकडं, नळी आणि फाटक. जो उठेल त्याचं ते गेलं. पहिल्याच आठवड्यात गुडघेदुखीच्या मुलाने ती पाटी मागून घेतली, कारण तिथे उकिडवं बसावं लागत नाही. दम्याच्या मुलाने थंडी जास्त होती त्या दिवशी घेतली. जिल्ह्याला खेळलेल्या एका मुलीने गंमत म्हणून घेतली. बसून, नुसत्या हाताने, फाटकातून सुटणारा गडी टिपणं किती अवघड आहे ते पाहून ती पुढच्या वेळेस वॉकरवालीला विचारायला गेली की तू आधीच हात कसा काढतेस. पायांची घाई नसल्यामुळे ती पळणाऱ्याच्या खांद्याकडे बघते. खांदा आत झुकला की तो फाटकाकडे वळणार, पावलं नंतर वळतात.

या रचनेची मर्यादा मला दिसते. शाळांच्या स्पर्धेत बाकडं चालणार नाही, तिथे बारा जणांचा संघ आणि छापील नियम. तिची मोठी होत जाणारी हौस त्या दाराशी अडणार आहे आणि ती मलाही बोचते. शिवाय एका शिक्षकाने तीन मैदानं सांभाळायची तर एकावर नजर कमी पडतेच. दोन जण असते तर मी आणखी मोकळेपणाने खेळू दिलं असतं. पावसाळ्यात आवारातल्या पेव्हर ब्लॉकवर शेवाळ धरतं, तेव्हा हा खेळ बंदच ठेवते. हॉलमधल्या फरशीवर चालता खोच काय तो.

गेल्या आठवड्यात नवी अडचण आली. पळणारे फाटकाकडे फिरकेनासे झाले. बाकड्याच्या टोकाला गेलं की नळी लागते हे सगळ्यांना कळलं, मग ते दुसऱ्या अर्ध्या भागातच घोटाळत राहतात. तासाच्या शेवटी, चालता चालता, मुलांनीच नियम सुचवला: प्रत्येक पळणाऱ्याने आत असताना एकदा तरी फाटकातून गेलंच पाहिजे. बहुतेकांचे हात वर गेले. वॉकरवाली मुलगी थांबली. वॉकरवर दोन्ही हात टेकून म्हणाली, "हा नियम नको बाई. त्यांना इकडे यायचं नसेल तर नको येऊ देत. मग त्यांना पळायला निम्मंच मैदान उरलं ना? आपण दुसरी आणि चौथी पाटी त्या बाजूला सरकवू."

जिल्ह्याला खेळलेल्या मुलीने काठीने मातीत पाच रेघा ओढल्या आणि दोघी कोणाला कुठे बसवायचं ते ठरवायला लागल्या. पाट्यांमधलं अंतर दीड मीटरच्या खाली नेऊ नका, उठताना डोकी आपटतील, एवढंच मी सांगितलं.